सेलची आकृती तपासताना बोट कुठून फिरवायचं

बारावीच्या प्रीबोर्डाच्या गठ्ठ्यात विद्युतरसायनाचा एक प्रश्न हमखास असतो. Zn + 2Ag⁺ → Zn²⁺ + 2Ag ही अभिक्रिया ज्या सेलमध्ये होते त्याची आकृती काढा, कोणता इलेक्ट्रोड ऋण आहे ते दाखवा, सेलमध्ये विद्युतप्रवाह कोण वाहून नेतं ते सांगा आणि दोन्ही इलेक्ट्रोडवरच्या अर्धअभिक्रिया लिहा. इंदूरमध्ये शाळा सीबीएसईची असो की एमपी बोर्डाची, पोरांच्या हातात एनसीईआरटीचंच पुस्तक असतं आणि हा प्रश्न त्याच पुस्तकाच्या स्वाध्यायातला आहे. त्यामुळे आकृती बहुतेकांना पाठ असते. दोन चंचुपात्रं, दोन पट्ट्या, वर तार, मध्ये उलटा यू. पन्नास पेपरांतल्या पंचेचाळीस आकृत्या लांबून सारख्याच दिसतात आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. चित्र सारखं असलं तरी ते काढणाऱ्याला काय समजलंय हे पेपरागणिक वेगळं असतं. मार्क समजेचे द्यायचे असतील तर आकृती वाचायची एक रीत बसवून घ्यावी लागते.

ती रीत पाच मार्कांच्या प्रश्नावर पाहू. दोन अर्धअभिक्रियांचा एकेक मार्क. ॲनोड-कॅथोडची नावं आणि त्यांची चिन्हं मिळून एक. तारेतल्या इलेक्ट्रॉनच्या दिशेचा एक. सॉल्ट ब्रिजचा एक, त्यातला अर्धा बरोबर जोडणीचा आणि अर्धा आयनांच्या दिशेचा. बोर्डाची उत्तरपत्रिका हातात असेल तर तिचीच वाटणी पाळायची. शाळेच्या परीक्षेला आपली वाटणी आपण करतो, तेव्हा ही सोयीची पडते.

बहुतेक जण तपासायला सुरुवात आकृतीवरच्या नावांपासून करतात, कारण नजर आधी तिथेच जाते. सुरुवात अर्धअभिक्रियांपासून करावी. नाव पाठ करता येतं. अर्धअभिक्रियेत मात्र मुलाला ठरवावं लागतं की इलेक्ट्रॉन कोण सोडतंय आणि कोण घेतंय, आणि एकदा हे ठरलं की आकृतीतली बाकीची प्रत्येक गोष्ट त्यातूनच निघते. ऑक्सिडेशन जिथे तो ॲनोड, इलेक्ट्रॉन निघणार तिथूनच, आणि ब्रिजमधले ॲनायन जाणारही तिकडेच. म्हणून आधी खाली लिहिलेल्या अर्धअभिक्रिया वाचायच्या आणि मग वर आकृतीकडे यायचं. आकृती त्यांच्याशी जुळते का, एवढंच मग पाहायचं उरतं.

इथे अपेक्षित उत्तर सरळ आहे. जस्तावर Zn → Zn²⁺ + 2e⁻ आणि चांदीवर Ag⁺ + e⁻ → Ag. तपासताना दोन्ही बाजूंच्या प्रभाराची बेरीज करायची. जस्ताच्या अभिक्रियेत डावीकडे शून्य, उजवीकडे +2 आणि −2 मिळून शून्य. चांदीच्या अभिक्रियेत डावीकडे +1 आणि −1, उजवीकडे शून्य. पाच सेकंदांचं काम आहे, पण नेहमीची चूक त्यात लगेच सापडते. Zn + 2e⁻ → Zn²⁺ असं कुणी लिहिलं तर डावीकडे −2 आणि उजवीकडे +2 येतात. ही चूक घाईतली वाटते, पण सहसा ती घाईतली नसते. त्या मुलाच्या डोक्यात ‘आयन बनायचं म्हणजे इलेक्ट्रॉन मिळवायचे’ असं काहीतरी बसलेलं असतं. अशा अभिक्रियेला मार्क नाही. Zn − 2e⁻ → Zn²⁺ असं लिहिलेलं मात्र चालवून घ्यावं. ही जुनी पद्धत आहे, प्रभार जुळतो आणि अर्थही बरोबर आहे. शेजारी इलेक्ट्रॉन उजवीकडे नेऊन दाखवले की झालं.

चांदीच्या अभिक्रियेवरून स्टाफरूममध्ये वाद होतात. Ag⁺ + e⁻ → Ag लिहिलं आणि 2 ने गुणलं नाही तर अर्धा मार्क कापायचा का? कापू नये. प्रश्नात इलेक्ट्रोडवरची अभिक्रिया विचारली आहे आणि ती एका इलेक्ट्रॉनने लिहा की दोन, बरोबरच असते. गुणायची गरज दोन्हींची बेरीज करताना पडते, कारण जस्ताने सोडलेले दोन इलेक्ट्रॉन घ्यायला चांदीचे दोन आयन लागतात. उलट 2Ag⁺ + 2e⁻ → 2Ag लिहून पुढे सेलचा पोटेन्शियल काढताना कुणी 0.80 ला पण 2 ने गुणलं, तर ती चूक खरी. बरोबर हिशेब 0.80 − (−0.76) = 1.56 व्होल्ट असा आहे. गुणून केला की 2.36 येतो. पोटेन्शियल म्हणजे दर कूलॉम प्रभारामागची ऊर्जा. प्रभार दुप्पट झाला की ऊर्जाही दुप्पट होते, त्यामुळे त्यांचं गुणोत्तर हललेलं नसतं. 2.36 दिसलं की शेजारी हेच एक वाक्य लिहावं. नुसत्या लाल फुलीतून मुलाला काही कळत नाही.

आता नावांकडे वळू. इथे आपल्या मुलांचा एक खास घोळ होतो आणि तो भाषेतून येतो. हिंदी पुस्तकात आणि मराठीतही ॲनोडला धनाग्र आणि कॅथोडला ऋणाग्र म्हणायची पद्धत आहे. शाळेत हिंदी माध्यम, घरी मराठी, अशा मुलाला दोन्हीकडून एकच शब्द मिळतो. जस्त-चांदीच्या सेलमध्ये जस्त हा ॲनोड आहे आणि त्याचं चिन्ह ऋण आहे. म्हणजे त्याने लिहायचं काय, तर धनाग्र आणि शेजारी ऋण चिन्ह. ‘सर, धनाग्रावर मायनस कसं लावू?’ हा प्रश्न मुलाने वर्गात विचारला नाही तर पेपरात तो चुकीच्या रूपात उगवतो. मूल दोघांपैकी एक काहीतरी बदलून टाकतं. चिन्ह बदलून जस्ताला + लावतं किंवा नाव बदलून जस्ताला कॅथोड म्हणतं.

ॲनोड आणि कॅथोड हे मूळ शब्द मायकेल फॅरेडेने 1834 मध्ये वापरात आणले. ग्रीकमधून घेतलेल्या या शब्दांचा अर्थ साधारण ‘वर जाणारी वाट’ आणि ‘खाली जाणारी वाट’ असा आहे. त्यात धन-ऋण काहीच नाही. ‘धनाग्र’ हे नाव विद्युत अपघटनाच्या सेलला जुळतं, कारण तिथे ॲनोड बॅटरीच्या धन टोकाला जोडलेला असतो. गॅल्व्हॅनिक सेलला तेच नाव लावलं की घोटाळा होतो. म्हणून शिकवताना आणि तपासताना ॲनोड-कॅथोड हेच शब्द ठेवलेले बरे. व्याख्याही एकच धरायची: ऑक्सिडेशन जिथे होतं तो ॲनोड, रिडक्शन जिथे होतं तो कॅथोड. ही व्याख्या दोन्ही प्रकारच्या सेलमध्ये टिकते. चिन्ह मात्र प्रत्येक सेलमध्ये वेगळं ठरवावं लागतं. म्हणूनच नावाला अर्धा आणि चिन्हाला अर्धा मार्क अशी फोड केलेली बरी. जस्ताला ॲनोड म्हटलं आणि + लावलं, तर अर्धा मार्क मिळायला हवा. त्या मुलाला अभिक्रिया समजलेली आहे, अडलंय ते फक्त चिन्हापाशी.

चिन्ह समजावायला डॅनियल सेलचा एक प्रयोग फार कामाचा आहे आणि तो पुस्तकातही आहे. जस्त-तांब्याचा हा सेल साधारण 1.1 व्होल्ट देतो. त्याला बाहेरून उलट दिशेने व्होल्टेज लावत न्यायचं. बाहेरचं व्होल्टेज 1.1 पेक्षा कमी असेपर्यंत इलेक्ट्रॉन जस्ताकडून तांब्याकडे जातात. बरोबर 1.1 ला ते थांबतात. त्यापुढे गेलं की उलटे, तांब्याकडून जस्ताकडे, वाहू लागतात. आता तांबं विरघळतं आणि जस्तावर जस्त बसतं. म्हणजे ऑक्सिडेशन तांब्यावर आलं, तांबं ॲनोड झालं आणि जस्त कॅथोड. चिन्हं मात्र तशीच राहिली: तांबं आधीही धन होतं, आताही धनच. नावं बदलली आणि चिन्हं जागेवर राहिली, एवढं एकदा दिसलं की धनाग्र शब्दाचा गुंता सुटतो. या उलट्या सेलमध्ये तो शब्द चपखल बसतो आणि सरळ सेलमध्ये का बसत नव्हता, तेही उमगतं.

नावांच्या बाबतीत तपासणाऱ्याकडूनही एक चूक होते. एखाद्याने जस्त उजवीकडे आणि चांदी डावीकडे काढली की ‘ॲनोड डावीकडे असतो’ म्हणून मार्क कापले जातात. डाव्या बाजूचा नियम सेल एका ओळीत लिहायच्या पद्धतीचा आहे, म्हणजे Zn | Zn²⁺ || Ag⁺ | Ag असं लिहिताना. टेबलावर ठेवलेल्या चंचुपात्राला डावं-उजवं माहीत नसतं. टेबलाच्या पलीकडून पाहिलं तर तोच सेल उलटा दिसतो. आकृतीत बाजू बदलली आणि बाकी सगळं जुळत असेल तर पूर्ण मार्क द्यायचे.

बाजूपेक्षा जास्त लक्ष कोणत्या भांड्यात काय भरलंय याकडे द्यावं. जस्ताची पट्टी झिंक नायट्रेटमध्ये किंवा झिंक सल्फेटमध्ये हवी आणि चांदीची सिल्व्हर नायट्रेटमध्ये. कधीकधी द्रावणांची नावं अदलाबदल होतात आणि जस्ताची पट्टी AgNO₃ मध्ये बुडवलेली दिसते. वरून ही चूक छोटी वाटते, पण तिने सेलच मोडतो. अशा भांड्यात तारेची गरजच उरत नाही. Ag⁺ आयन जस्ताच्या पृष्ठभागावरूनच इलेक्ट्रॉन घेतात, थोड्याच वेळात पट्टीवर काळपट, भुसभुशीत चांदीचा थर चढायला लागतो आणि तारेतून वाहायला काही शिल्लकच राहत नाही. दोन भांडी वेगळी ठेवायचं कारण नेमकं हेच आहे, की इलेक्ट्रॉनला तारेतूनच जावं लागावं. अदलाबदल दिसली तर ब्रिजच्या मार्कातला जोडणीचा अर्धा मार्क कापावा आणि शेजारी लिहावं की ‘इथे अभिक्रिया पट्टीवरच होईल’. अर्धअभिक्रिया बरोबर असतील तर त्यांचे मार्क मात्र जाऊ देऊ नयेत.

इलेक्ट्रॉनच्या बाणाचा निकाल आता पटकन लागतो. बाण बाहेरच्या तारेवर असला पाहिजे आणि जस्ताकडून चांदीकडे जायला हवा. कुणी शेजारी उलट बाण काढून त्यावर I किंवा ‘विद्युतप्रवाह’ लिहिलं असेल तर ते बरोबर आहे, कारण रूढ प्रवाह इलेक्ट्रॉनच्या उलट मानतात. नुसता, नाव नसलेला बाण चांदीकडून जस्ताकडे असेल तर मात्र मार्क देता येत नाही. प्रश्न इलेक्ट्रॉनचा असेल तर बाणावर e⁻ लिहायची सवय मुलांना आधीपासूनच लावावी.

सगळ्यात मोठी चूक पुढची आहे. तारेवर बाण बरोबर असतो, पण तोच e⁻ चा बाण पुढे चांदीच्या द्रावणात उतरतो, ब्रिजमधून जातो आणि जस्तापाशी परत येतो. मुलाला माहीत आहे की सर्किट पूर्ण व्हायला हवं आणि त्याने ते पूर्ण केलं. फक्त सगळीकडे एकच वाहक धावडवला. पाण्याच्या द्रावणात मोकळे इलेक्ट्रॉन वाहत नाहीत. ते चांदीच्या पृष्ठभागापर्यंत येतात आणि तिथे Ag⁺ त्यांना घेतात. तिथून पुढची वाट आयनांची आहे. पुस्तकातल्या प्रश्नाचा दुसरा भाग, ‘प्रवाह कोण वाहतं’, याच गोष्टीसाठी आहे: तारेत इलेक्ट्रॉन, द्रावणात आणि ब्रिजमध्ये आयन. असा फेरा दिसला तर तारेवरच्या दिशेचा मार्क द्यायचा आणि ब्रिजमधला आयनांचा अर्धा कापायचा. दोन्हीकडे कापलं तर एकाच चुकीची दोनदा शिक्षा होते.

आता ब्रिजकडे येऊ. या आकृतीतला मुलांनी सगळ्यात कमी विचार करून काढलेला आणि तपासणाऱ्यांनी सगळ्यात कमी वाचलेला भाग हाच असतो. आधी जोडणी पाहायची: यू नळीची दोन्ही टोकं द्रावणात बुडलेली हवीत. घाईत काढलेल्या आकृतीत एक टोक पाण्याच्या रेषेच्या वर लटकलेलं असतं. कागदावर तो एक मिलिमीटरचा फरक असतो, पण टेबलावर त्याने सर्किट तुटतं आणि व्होल्टमीटरची सुई शून्यापाशी राहते. यासाठी अर्धा मार्क कापणं योग्यच आहे. प्रयोगशाळेत ब्रिज बनवताना हेच दुसऱ्या रूपात भेटतं. साधारण 100 मिलिलिटर पाण्यात 10 ग्रॅम KNO₃ आणि 3 ग्रॅमच्या आसपास अगर टाकून, ढवळत, स्वच्छ दिसेपर्यंत उकळायचं आणि गरम असतानाच ड्रॉपरने नळीत भरायचं. नळीच्या वळणात एखादा हवेचा फुगा अडकला तर ब्रिज दिसायला उत्तम असतो पण सेल चालत नाही, कारण फुग्यातून आयन जाऊ शकत नाहीत. भरलेली नळी उजेडासमोर धरून पाहायची, फुगा लगेच दिसतो.

या सेलला KNO₃ का, KCl का नाही, हे प्रश्नातलं मर्म आहे. पुस्तकात सॉल्ट ब्रिजचं वर्णन येतं तेव्हा KCl चं नाव असतंच आणि ते योग्यही आहे. K⁺ आणि Cl⁻ द्रावणातून जवळपास सारख्याच वेगाने सरकतात: त्यांच्या मर्यादी मोलर चालकता 73.5 आणि 76.3 S cm² mol⁻¹ आहेत. दोघांचा वेग सारखा असला की ब्रिजच्या तोंडाशी जादाचा प्रभार साचत नाही आणि सेलच्या पोटेन्शियलमध्ये भेसळ होत नाही. तांब्या-जस्ताच्या सेलला KCl म्हणूनच छान चालतो. चांदीच्या भांड्यात मात्र Cl⁻ पोचले की AgCl चा पांढरा, दह्यासारखा साका बसतो. त्याचा विद्राव्यता गुणाकार 1.8 × 10⁻¹⁰ इतका कमी आहे, म्हणजे थोडेसे आयन भेटले तरी साका पडतो. ब्रिजच्या टोकाशी आधी पांढरी धार दिसते, उजेडात ठेवली तर ती जांभळट-करडी होते, टोक हळूहळू बुजतं आणि भांड्यातले Ag⁺ फुकट जातात. म्हणून चांदीला KNO₃ किंवा NH₄NO₃ घ्यायचा.

मग मुलाने KCl लिहिलं तर मार्क कापायचा का? माझं मत असं आहे: प्रश्नात ब्रिजसाठी कोणता क्षार घ्यावा असं विचारलं नसेल तर कापू नये. मुलाने पुस्तकातलं वाक्य लिहिलंय. त्याखाली लाल रेघ मारावी आणि ‘इथे AgCl चा साका’ असं लिहावं. ‘योग्य क्षाराचं नाव लिहा’ असं स्पष्ट विचारलं असेल तर KCl ला मार्क नाही, कारण त्या प्रश्नाचा रोख नेमका तिथेच आहे. प्रश्न काढणाऱ्यानेच हे आधी ठरवलेलं बरं, नाहीतर एकाच शाळेत दोन सर दोन प्रकारे कापतात आणि मुलं पेपर घेऊन दोघांकडे फिरत बसतात.

ब्रिजमधल्या आयनांच्या बाणाचा घोळ जरा खोल आहे. बरीच हुशार मुलंही K⁺ चा बाण जस्ताच्या भांड्याकडे नेतात. त्यांना विचारलं तर ती म्हणतात, जस्त ऋण आहे, धन आयन ऋणाकडेच ओढला जाणार. वाक्य ऐकायला इतकं पटतं की कधीकधी तपासणाराही अडखळतो. चूक कुठे आहे ते जस्ताच्या भांड्यात डोकावल्यावर कळतं. तिथे पट्टीतून सारखे Zn²⁺ सुटून द्रावणात येत आहेत. द्रावणात धन प्रभार वाढतोय, आणि तो भागवायला ऋण आयन हवेत किंवा धन आयनांनी बाहेर निघायला हवं. चांदीच्या भांड्यात याच्या उलट होतं. Ag⁺ पट्टीवर बसून कमी होत जातात, मागे NO₃⁻ उरतात, आणि ते भागवायला K⁺ लागतात. इलेक्ट्रोडवर लिहिलेलं ऋण चिन्ह तारेच्या बाजूने पाहिलेलं आहे, म्हणजे इलेक्ट्रॉन कुठून बाहेर पडतात ते सांगणारं. द्रावणातला हिशेब अभिक्रिया ठरवते. फॅरेडेने आयनांना नावं दिली तीही अशीच: कॅटायन कॅथोडकडे जाणारा, ॲनायन ॲनोडकडे जाणारा. गॅल्व्हॅनिक असो की अपघटनाचा, हे कुठल्याही सेलमध्ये बदलत नाही. कुणी ब्रिजमधून Zn²⁺ चा बाण चांदीकडे नेला असेल तर घाबरून कापू नये. दिशा बरोबर आहे, थोडे Zn²⁺ तिकडे सरकतातही.

यातून तपासायची एक झटपट युक्ती निघते आणि गठ्ठा मोठा असेल तेव्हा ती खूप वेळ वाचवते. ऋण प्रभाराच्या वाटेवर बोट फिरवायचं. जस्ताच्या पट्टीवर बोट ठेवा, इलेक्ट्रॉनच्या बाणाबरोबर तारेवरून चांदीपर्यंत या, चांदीच्या भांड्यात उतरा, ब्रिजमध्ये NO₃⁻ च्या बाणाबरोबर जस्ताच्या भांड्यात जा आणि परत जस्ताच्या पट्टीवर या. तारेतले इलेक्ट्रॉन आणि ब्रिजमधले ॲनायन मिळून एकाच दिशेने पूर्ण गोल करतात. K⁺ चा बाण या गोलाच्या उलट असतो. बोट कुठेही बाणाविरुद्ध गेलं तर आकृतीत काहीतरी फाटलेलं आहे. हा गोल बंद होतो की नाही हे पाहायला दहा सेकंद लागतात.

दोन नमुना उत्तरं शेजारी ठेवून ही रीत वापरून पाहू. पहिल्या उत्तरात अर्धअभिक्रिया दोन्ही बरोबर. जस्ताला ॲनोड म्हटलंय आणि ऋण चिन्ह दिलंय. तारेवर e⁻ चा बाण मात्र चांदीकडून जस्ताकडे. ब्रिजची टोकं बुडलेली, K⁺ जस्ताकडे, NO₃⁻ चांदीकडे. बोट फिरवलं तर गोल बंद होतो, पण उलट्या दिशेने. अर्धअभिक्रियांचे दोन, नाव-चिन्हाचा एक, बाणाचा शून्य. इथे थांबून विचार करावा लागतो. K⁺ आणि NO₃⁻ चे बाण उलटे आहेत, पण ते मुलाच्या उलट्या इलेक्ट्रॉन-बाणाशी जुळतात. चूक एकाच ठिकाणी झाली आणि बाकीचं तिच्या मागे गेलं. मी आयनांचा अर्धा मार्क देईन, जोडणीचा अर्धाही देईन, म्हणजे पाचपैकी चार. शेवटी मुलाला एवढं विचारायचं: ‘खाली तू लिहिलंस की जस्त इलेक्ट्रॉन सोडतं, मग तारेत ते जस्ताकडे येतात कुठून?’ त्याला उत्तर आधीच येत असतं, दोन गोष्टी जोडलेल्या नसतात इतकंच.

दुसऱ्या उत्तरात आकृती सुरेख आहे. जस्त ॲनोड, ऋण. बाण जस्ताकडून चांदीकडे. ब्रिजमध्ये NO₃⁻ जस्ताकडे, K⁺ चांदीकडे. गोल बरोबर दिशेने बंद. खाली मात्र जस्तावर Zn²⁺ + 2e⁻ → Zn आणि चांदीवर Ag → Ag⁺ + e⁻. आकृतीचे तीन मार्क, अर्धअभिक्रियांचे शून्य, एकूण तीन. एकूण म्हणून पहिल्यापेक्षा एकच मार्क कमी, पण या मुलाला जास्त शिकवावं लागणार आहे. आकृती पाठ होती आणि अभिक्रिया आकृतीशी जोडलेली नव्हती. प्रश्नातच दिलेली पूर्ण अभिक्रिया वाचली असती तरी जस्त विरघळतंय हे दिसलं असतं. अशा पेपरावर मार्कांशेजारी त्या मुलाकडून एक हिशेब करून घेण्याची नोंद करावी: जस्ताची पट्टी 0.654 ग्रॅमने हलकी झाली तर चांदीची किती जड होईल? जस्ताचा 0.01 मोल म्हणजे इलेक्ट्रॉनचे 0.02 मोल, म्हणजे चांदीचेही 0.02 मोल, आणि 108 ने गुणून 2.16 ग्रॅम. कोणती पट्टी झिजते आणि कोणती वाढते हे एकदा स्वतः वजनात काढलं की अर्धअभिक्रियेचा बाण सहसा उलटा पडत नाही.

तिसरी एक जात असते, तिथे सगळंच उलटं पण आपापसात जुळणारं. चांदी ॲनोड, चांदी विरघळते, जस्तावर जस्त बसतं, इलेक्ट्रॉन चांदीकडून जस्ताकडे, ॲनायन चांदीच्या भांड्याकडे. बोट फिरवलं तर गोल छान बंद होतो. म्हणून केवळ गोलावर विसंबायचं नाही, आधी अर्धअभिक्रिया वाचायच्या. प्रश्नात अभिक्रिया दिलेली असल्यामुळे अर्धअभिक्रियांना शून्य आणि नावांनाही शून्य. इलेक्ट्रॉनची दिशा आणि ब्रिज मात्र मुलाने स्वतः मांडलेल्या सेलला धरून बरोबर आहेत, त्यांचे दोन द्यावेत. प्रश्नात अभिक्रिया न देता नुसते दोन धातू आणि त्यांचे पोटेन्शियल दिले असते, तर हीच चूक आकडे चुकीचे वाचल्याची ठरली असती: −0.76 हा 0.80 पेक्षा कमी, म्हणून कमी पोटेन्शियलवाल्या जस्ताचं ऑक्सिडेशन व्हायला हवं होतं. तिथे पोटेन्शियलवरून निवड करण्याचा वेगळा मार्क ठेवायचा आणि तो कापायचा. मग बाकीचं मुलाच्या निवडीला धरून तपासायचं, म्हणजे एका चुकीने अख्खा प्रश्न बुडत नाही.